गुरुवारी दोन तास गप्पा, शनिवारी मॅच गायब: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका तरुणाचं आहे. त्याच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला इथे सुहास म्हणू. ज्या मुलीशी तो बोलत होता तिला मी नाव देत नाही. ती माझ्याकडे कधी आली नाही, तिची बाजू मला ठाऊक नाही आणि सुहासलाही ती शेवटपर्यंत कळली नाही.

सुहास 32 वर्षांचा. मूळचा लातूर जिल्ह्यातला, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात इंजिनिअर, मोशीला दोन मित्रांसोबत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा. घरच्यांनी तीनेक वर्षं त्याच्यासाठी स्थळं पाहिली होती. त्यात नकार पुष्कळ आले, पण ते येण्याची एक रीत होती. मुलीचे मामा किंवा ओळखीतलं कुणी फोन करायचं आणि ‘पत्रिका जुळत नाही म्हणतात’ किंवा ‘मुलगी अजून दोन वर्षं थांबायचं म्हणतेय’ असं काहीतरी सांगायचं. कारण खरं असो वा नसो, विषय मिटायचा. आई दोन दिवस हळहळायची आणि मग पुढचा बायोडेटा यायचा. सुहासला त्या नकारांचं फारसं लागलं नाही, कारण त्या मुलींशी तो धड वीस मिनिटंही बोललेला नसायचा.

धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा त्याने डेटिंग ॲप घेतलं. तिथे दोघांनी एकमेकांना पसंत केलं की मॅच होते आणि बोलता येतं. सुरुवातीच्या मॅच ‘हाय, जेवण झालं का’ याच्या पुढे सरकल्या नाहीत. मग ही झाली.

काय घडलं

अकरा दिवस दोघं रोज रात्री दहाच्या सुमारास बोलत होते. तीही गाव सोडून पुण्यात आलेली, हिंजवडीत नोकरी करणारी. सुरुवात मेसच्या डब्यावरून झाली आणि तिच्या वडिलांच्या आजारपणापर्यंत पोचली. बारावीला नापास झाल्यावर आपण घर सोडून निघून गेलो होतो आणि दोन रात्री एसटी स्टँडवर काढल्या होत्या, हे सुहासने तिला सांगितलं. फ्लॅटमधल्या मित्रांनाही हे माहीत नव्हतं. तिने ते नीट ऐकून घेतलं, सल्ला दिला नाही, उलट स्वतःची तशीच एक जुनी गोष्ट सांगितली. नवव्या दिवशी दोघांनी नंबर दिले. गुरुवारी रात्री व्हॉट्सॲपवर पहिला कॉल झाला आणि तो दोन तास चालला. शनिवारी संध्याकाळी पाचला फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका कॅफेत भेटू या, हे तिनेच सुचवलं होतं.

शुक्रवारी सकाळी त्याने ‘झोप झाली का?’ असं पाठवलं. दोन करड्या टिक आल्या, उत्तर आलं नाही. संध्याकाळी कॅफेचं लोकेशन पाठवलं, पुन्हा दोन करड्या टिक. रात्री साडेदहाला ‘सगळं ठीक ना?’ हा मेसेज पाठवला आणि त्यावर एकच टिक राहिली. शनिवारी सकाळी तिचा डीपी दिसेना. ॲप उघडलं तर मॅच, अकरा दिवसांचं बोलणं, तिचे फोटो, सगळं गेलेलं होतं.

तरीही पाचला तो कॅफेत गेला आणि सव्वासहापर्यंत बसून राहिला. रात्री त्याने चार मेसेज पाठवले. पहिला काळजीचा, दुसरा विनवणीचा, तिसरा रागाचा आणि चौथा त्या रागाबद्दल माफी मागणारा. चारही मेसेजवर एकच टिक.

रविवारी त्याने तिला शोधायला सुरुवात केली. इन्स्टाग्रामचं खातं सापडलं, ते प्रायव्हेट होतं. लिंक्डइनवर कंपनीचं नाव मिळालं, नकाशावर इमारतही सापडली. फ्लॅटमधला एक मित्र म्हणाला, “भावा, माझ्या नंबरवरून कर मेसेज. काय झालं ते कळू तरी दे.” दुसऱ्याचं म्हणणं होतं की सरळ कंपनीच्या गेटवर जावं, समोरासमोर विचारावं, म्हणजे एकदाचा निकाल लागेल. सुहासला दुसरा सल्ला जास्त पटला होता. मंगळवारी कामावर मापात न बसणारा एक लॉट त्याच्या हातून पास झाला. वरिष्ठांनी बाजूला घेऊन विचारपूस केली आणि कंपनीची समुपदेशनाची जी सोय आहे तिच्यातून तो माझ्यापर्यंत आला.

समस्या

पहिल्या भेटीत सुहास एकच प्रश्न घेऊन आला होता: असं का झालं, हे कसं शोधून काढू? झोप उडाली होती, जेवण तुटलं होतं, छातीत सारखं धडधडत होतं. कारण कळलं की हे सगळं आपोआप थांबेल, अशी त्याची खात्री होती.

मला तिथे दोन वेगळे प्रश्न दिसत होते. एक, त्या मुलीच्या बाबतीत आता काय करायचं किंवा काय करायचं नाही. दोन, त्याच्या आत जे चाललं आहे त्याचं काय करायचं. सुहासने दोन्हींची गाठ मारली होती. पहिल्याचं उत्तर तिच्याकडून आल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येणार नाही असं तो धरून चालला होता. आणि उत्तर येत नव्हतं म्हणून ते मिळवण्याचे मार्ग अधिकाधिक धोक्याचे होत चालले होते.

पडद्यावरच्या खुणा वाचणं

भावनांबद्दल बोलण्याआधी आम्ही फोन समोर ठेवून जे दिसतं आहे त्याचा अर्थ लावला. अशा प्रकरणात हे मी आवर्जून करते, कारण माणूस त्या वेळी एकाच खुणेतून दहा अर्थ काढत असतो.

दोन करड्या टिक म्हणजे मेसेज फोनवर पोचला, इतकंच. ती वाचून गप्प बसली, असं त्यातून ठरत नाही आणि वाचलाच नाही, असंही नाही, कारण निळी टिक दिसू न देण्याची सोय असते. एक टिक म्हणजे मेसेज पोचलेला नाही. फोन बंद असेल, नेट नसेल किंवा नंबर ब्लॉक केला असेल. डीपी न दिसण्यालाही एकाहून जास्त कारणं असू शकतात. तिने फोटो काढून टाकला असेल, सुहासचा नंबर पुसला असेल आणि फोटो फक्त ओळखीच्या नंबरांना दिसत असेल, किंवा ब्लॉक केलं असेल. ॲपवरची मॅच जाते तेव्हा समोरच्याने मॅच तोडलेली असते किंवा आपलं खातंच बंद केलेलं असतं. क्वचित ॲपच एखादं खातं काढून टाकतं.

सुटी पाहिली तर प्रत्येक खूण संदिग्ध आहे. पण एका रात्रीत तिन्ही एकत्र येणं संदिग्ध राहत नाही. दोन वेगळ्या ठिकाणांहून, एकाच वेळी, सुहासकडे येणारी वाट बंद झाली होती. तिने हे मुद्दाम केलं आहे असं मानूनच पुढचा विचार करायला हवा होता.

इथे सुहास म्हणाला, “पण मॅडम, तिला काही झालं असेल तर? अपघात वगैरे?” ही भीती खरी होती आणि मी ती उडवून लावली नाही. पण शोध चालू ठेवायला ती एक सोयीचं कारणही देत होती. काळजीपोटी शोधतो आहे म्हटलं की शोधण्यात काही गैर उरत नाही. आम्ही ती भीती तपासून पाहिली. अपघात झालेला माणूस उत्तर देऊ शकत नाही, पण तो ॲपवर जाऊन मॅच तोडत नाही. अपघाताने शांतता येते. इथे नुसती शांतता नव्हती, कुणीतरी केलेली कृती होती. सुहास बराच वेळ फोनकडे बघत बसला आणि मग म्हणाला, “म्हणजे ती ठीक आहे.” त्याच्या चेहऱ्यावर सुटका आणि दुखावलेपण दोन्ही एकदम होतं.

पुढचे सगळे निर्णय या फरकावर उभे होते. समोरचा माणूस नुसता गप्प असेल तर एक मेसेज पाठवायला जागा असते. त्याने दार लावून घेतलं असेल तर ती जागा उरत नाही, मग आपल्या मनात कितीही चांगला मेसेज तयार असो.

कोणते पर्याय होते

मित्राच्या नंबरवरून मेसेज करणं हा पर्याय सुहासला निरुपद्रवी वाटत होता. मी त्याला ते तिच्या बाजूने बघायला सांगितलं. आपण एका नंबरला ब्लॉक केलं आहे आणि तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून तोच माणूस बोलतो आहे. मेसेज कितीही सभ्य असला तरी तिला त्यातून एकच गोष्ट कळेल, की ब्लॉक करूनही हा थांबत नाही. त्यानंतर ती कारण सांगेल ही शक्यता जवळपास संपते आणि तिने घाबरावं याला मात्र पुरेसं कारण मिळतं.

गेटवर जाण्याचा विचार याहून गंभीर होता. तिने त्याला कंपनी सांगितली नव्हती. ती त्याने शोधून काढली होती. तो तिथे उभा राहिला असता तर तिच्या दृष्टीने, एकदाही न भेटलेला एक पुरुष तिच्या नोकरीच्या जागी येऊन पोचला असता. मी त्याला कायदाही सांगितला. भारतीय न्याय संहितेचं कलम 78 पाठलागाबद्दल आहे. बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही तिच्याशी जवळीक साधण्यासाठी पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला, तिचा पाठलाग करत राहिला किंवा तिच्या इंटरनेटच्या वापरावर नजर ठेवत राहिला, तर तो गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ही तरतूद 2013 मध्ये जुन्या दंड संहितेत आली होती आणि 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत तशीच चालू आहे. सुहास हे ऐकून खजील झाला. “मी तसला माणूस नाहीये,” म्हणाला. तो तसा नव्हताच, हे मलाही दिसत होतं. पण गेटवर उभ्या असलेल्या माणसाचा हेतू आतून बाहेर येणाऱ्या मुलीला दिसत नाही. तिला फक्त तो माणूस दिसतो.

तिसरा पर्याय होता काहीच न करता वाट बघण्याचा. हा वरून सगळ्यात शहाणा दिसतो, पण सुहासच्या बाबतीत तोच सर्वात थकवणारा ठरला असता. वाट बघणं म्हणजे दर काही मिनिटांनी डीपी परत आला का हे पाहणं. शनिवारपासून तो हेच करत होता.

चौथा पर्याय, आपल्या बाजूने विषय बंद करणं, त्याला सुरुवातीला अन्यायाचा वाटला. कारण न सांगता ती गेली आणि आवरासावर मात्र आपण करायची. त्याचा हा राग रास्त होता असं मला वाटतं. भेटायचं ठरवून, न कळवता माणसाला कॅफेत बसवून ठेवणं दुखावणारंच आहे. तिच्याकडे त्यासाठी पटण्यासारखं कारण असेलही. घरचा दबाव, जुनं नातं परत जुळणं, गुरुवारी इतकं मोकळं बोलल्यावर आलेली भीती, किंवा त्या कॉलमध्ये सुहासच्या लक्षातही न आलेली एखादी खटकलेली गोष्ट. मी ही यादी मुद्दाम पाचव्या शक्यतेपर्यंत नेली नाही. अशी यादी लांबत गेली की तीच एक नवी शोधमोहीम होते.

इतकं का लागलं

स्थळांचे इतके नकार पचवलेला माणूस अकरा दिवसांच्या ओळखीने कोसळतो, याची सुहासला लाज वाटत होती. त्या लाजेमुळे दुःख दुप्पट झालं होतं, म्हणून दुसऱ्या भेटीत आम्ही याच मुद्द्यावर थांबलो.

संवादाचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्ये एक निरीक्षण मांडलं. फक्त मजकुरातून होणारी ओळख कधीकधी समोरासमोरच्या ओळखीपेक्षा जास्त उत्कट होते. लिहिणाऱ्याला आपलं बोलणं निवडून, विचार करून मांडता येतं. वाचणाऱ्याला समोरचा माणूस अर्धाच दिसतो आणि उरलेला अर्धा तो आपल्या मनासारखा भरून घेतो. दोघंही हे करत असतात, त्यामुळे जवळीक झपाट्याने वाढते. सुहासला मी एवढंच विचारलं, “तिच्याबद्दल तुम्हाला नक्की माहीत असलेल्या गोष्टी कोणत्या आणि तुम्ही धरून चाललेल्या कोणत्या?” त्याने कागदावर दोन रकाने केले. पहिल्यात डबा, वडिलांचं आजारपण, हिंजवडी, तिचं हसणं. दुसऱ्यात तिचा स्वभाव शांत आहे, ती आईला आवडेल, ती असं कुणाशी वागणार नाही. दुसरा रकाना बराच मोठा झाला. त्यातली एकही गोष्ट खोटी होती असं मी म्हणत नाही. पण जे तुटल्याचं तो दुःख करत होता त्यातलं पुष्कळसं त्या दुसऱ्या रकान्यात होतं.

दुसरी गोष्ट वगळलं जाण्याच्या वेदनेबद्दलची. मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावरच्या एका साध्या खेळातून ती तपासली आहे. तीन जण एकमेकांकडे चेंडू टाकतात आणि थोड्या वेळाने उरलेले दोघं तुमच्याकडे चेंडू टाकणं बंद करतात. समोरचे अनोळखी असतात, खेळ काही मिनिटांचा असतो, तरी माणसाला लागतं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात तर काही जणांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, संगणकच खेळतो आहे. त्यांनाही लागलं. सुहासला हे दोनदा समजावून घ्यायचं होतं. त्रास किती होतो आहे यावरून ती व्यक्ती आपल्यासाठी किती योग्य होती हे मोजता येत नाही, आणि आपण किती कच्चे आहोत हेही मोजता येत नाही. वगळलं गेलं की मन आधी दुखतं आणि मग हिशोब करतं.

काय केलं

पहिलं काम संपर्काच्या वाटा बंद करण्याचं होतं आणि ते पहिल्याच भेटीत झालं. त्याने तिचा नंबर पुसला, चॅट काढून टाकलं आणि इन्स्टाग्रामवर तिचं खातं स्वतःच्या बाजूने ब्लॉक केलं. हे शेवटचं त्याला कठोर वाटलं. ते तिला शिक्षा करण्यासाठी नव्हतं. रात्री अडीचला हात तिकडे गेला तर तिथे काही सापडू नये म्हणून होतं. त्या चार मेसेजची त्याला फार टोचणी होती, विशेषतः रागाच्या. ब्लॉक असताना पाठवलेले मेसेज व्हॉट्सॲप नंतरही पोचवत नाही, पुढे कधी ब्लॉक काढला तरीही. तेव्हा ते बहुधा तिने वाचलेले नाहीत आणि वाचणारही नाही, हे कळल्यावर तो पहिल्यांदा सैल होऊन बसला.

दुसरं काम फोन तपासण्याचं. त्याच्या फोनमध्ये दिवसातून किती वेळा स्क्रीन उघडली याची नोंद होत होती. शनिवारनंतरचे आकडे पाहून तोच चकित झाला. तपासणं एकदम बंद करायला मी सांगितलं नाही. तसं सांगितलं की माणूस चोरून तपासतो आणि वर अपराधी वाटून घेतो. हात फोनकडे गेला की आधी खिशातल्या वहीत वेळ आणि त्या क्षणीची भावना एका शब्दात लिहायची, मग हवं तर फोन उघडायचा. चार दिवसांच्या नोंदींतून एक ठसठशीत गोष्ट पुढे आली. सर्वाधिक नोंदी रात्री दहा ते बारा या वेळेतल्या होत्या आणि तिथे ‘आठवण’ हा शब्द थोडाच होता. ‘एकटं’ आणि ‘रिकामं’ हे शब्द वारंवार होते. ती गेली होतीच, पण तिच्याबरोबर रोज रात्रीची बोलण्याची वेळही गेली होती. दिवसभराचं सगळं तो त्या वेळेत कुणाला तरी सांगत होता. या रिकाम्या वेळेसाठी काही करता येण्यासारखं होतं. त्याने ताईला आठवड्यातून दोनदा त्याच वेळी फोन लावायला सुरुवात केली आणि बाकीच्या दिवशी जेवणानंतर फ्लॅटमधल्या एकाबरोबर चालायला जाऊ लागला.

तिसरं, न पाठवायचं पत्र. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी 1980 च्या दशकात सुरू केलेल्या पद्धतीवर ते बेतलेलं होतं. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातलं अजिबात न सुधारता लिहायचं. यात आधीच सांगून ठेवावी लागते अशी गोष्ट म्हणजे लिहून झाल्यावर लगेच बरं वाटत नाही, बहुतेकांचं मन थोडा वेळ आणखी जड होतं. याचा फायदा माफक असतो आणि तो उशिरा जाणवतो. सुहासच्या पहिल्या दोन दिवसांच्या पानांवर सगळे प्रश्नच होते. तिसऱ्या दिवशी तो तिच्याबद्दल लिहिता लिहिता एसटी स्टँडवरच्या रात्रींबद्दल लिहू लागला. आपण ते सांगितलं म्हणून ती गेली, असं त्याला आतून वाटत होतं. ही खरी जखम होती आणि ती तोपर्यंत एकदाही बोलण्यात आली नव्हती. पुढची अख्खी भेट आम्ही या जखमेवर घालवली. त्या मुलीने ती गोष्ट ऐकल्यानंतर स्वतःची सांगितली होती, त्यानंतर पाच रात्री ती बोलत राहिली होती आणि भेटायचंही तिनेच सुचवलं होतं. घटनांचा क्रम त्याच्या समजुतीला धरून नव्हता.

चौथा निर्णय घराबद्दलचा. कॉलनंतरच्या उत्साहात त्याने ताईला सांगितलं होतं आणि ताईने आईला. आता आई रोज विचारत होती. ‘तिच्या घरचे तयार नाहीत’ असं सांगून मोकळं व्हावं असा त्याचा विचार होता. स्थळांच्या जगात असं कारण चालून जातं. पण ते सांगितलं असतं तर आईने जात, पगार, शेती असे प्रश्न काढले असते आणि एका खोट्यापायी चार खोटी उभी राहिली असती. त्याने आईला फोनवर सांगितलं, “आई, त्या मुलीचं जमलं नाही. तिने बोलणं बंद केलं. का ते मला माहीत नाही.” आई म्हणाली, “मग राहू दे. जेवतोस ना नीट?” ज्या फोनची त्याला आठवडाभर धास्ती होती तो तीन मिनिटांत संपला.

पुढे काय झालं

पंधरा-वीस दिवसांत झोप जागेवर आली. फोन उघडण्याचे आकडे हळूहळू नेहमीवर आले, मध्ये एक रविवार पुन्हा वाईट गेला. महिन्याभराने त्याने ॲप पुन्हा उघडलं.

साधारण दोन महिन्यांनी तिचं प्रोफाइल त्याच्यासमोर पुन्हा आलं. फोटो नवे होते, माणूस तोच. तोडलेली मॅच बहुतेक ॲपवर परत दाखवली जात नाही, पण खातं बंद करून नवं काढलं तर ते प्रोफाइल पुन्हा समोर येऊ शकतं. सुहासने काही न करता ॲप बंद केलं आणि भेटीत हा विषय आणला. तिने तेव्हा खातंच बंद केलं असेल आणि मला तोडलं नसेल, ही आशा त्याच्या मनात लगेच उभी राहिली होती. व्हॉट्सॲपवरचं दार मात्र तिने वेगळं लावलं होतं, हे मी त्याला आठवून दिलं.

इथे आमची मतं वेगळी होती. उजवीकडे स्वाइप करण्यात, म्हणजे पसंती कळवण्यात, मला गैर वाटत नव्हतं. ते तिला त्रास देणं नाही, कारण तिनेही तसंच केलं तरच दोघांना काही दिसतं आणि निर्णय पूर्णपणे तिच्या हातात राहतो. माझी काळजी एवढीच होती, की मॅच झाली नाही तर तो नकार त्याला दुसऱ्यांदा सोसेल का. सुहासने दोन दिवस घेतले आणि डावीकडे स्वाइप केलं. त्याचं कारण मला पटलं. तो म्हणाला, मॅच झाली असती तरी मी पहिल्या दिवसापासून ती परत कधी जाईल याच धाकात बोललो असतो.

काय वेगळं करता आलं असतं

आवाज आणि चेहरा फार उशिरा आला. अकरा दिवस लिहून बोलल्यावर पहिला कॉल झाला, तोवर दुसरा रकाना भरत गेला होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दहा-पंधरा मिनिटांचा कॉल आणि पहिल्या आठवड्यात दिवसाउजेडी छोटी भेट झाली असती, तर ती त्यानंतरही गेली असती कदाचित, पण जाणारी व्यक्ती खऱ्याच्या जास्त जवळ असती. पुढच्या दोन मॅचच्या बाबतीत सुहासने हे केलं. त्यातली एक पहिल्या भेटीनंतर थांबली. त्या मुलीने ‘मला पुढे जावंसं वाटत नाही’ असं लिहून कळवलं. त्याला वाईट वाटलं, पण त्या रात्री तो झोपू शकला.

शुक्रवारचा मेसेज. दोन टिकची शांतता होती तोवर एक मेसेज पाठवणं योग्यच होतं, पण ‘सगळं ठीक ना?’ हा प्रश्न समोरच्याकडे खुलासा मागतो आणि ज्याला खुलासा द्यायचा नाही तो आणखी गप्प होतो. त्याऐवजी असं लिहिता आलं असतं: ‘गुरुवारी बोलून खूप छान वाटलं. उद्याचं जमणार नसेल किंवा मन बदललं असेल तरी हरकत नाही, फक्त कळव. दुपारपर्यंत काही आलं नाही तर भेट नाही असं समजेन.’ यात तिला कारण न देता नाही म्हणायची वाट मिळते आणि कॅफेत जायचं की नाही हे सुहासच्या हातात राहतं. उत्तर आलंच असतं याची हमी नाही. पण शनिवारी दुपारी त्याच्याकडे आपण घेतलेला एक निर्णय असता आणि सव्वा तास त्या खुर्चीवर गेला नसता.

आणि मित्र. फ्लॅटमधले दोघंही त्याच्या भल्याचंच बघत होते, पण दोघांनीही त्याला तिच्या दिशेने ढकललं. त्याचं दुखणं समोर बघवत नव्हतं म्हणून ते उपाय सुचवत सुटले. पुढे चालायला जाताना त्यातल्या एकाने सुहासला सांगितलं, की त्याच्याशीही वर्षभरापूर्वी एकीने असंच बोलणं तोडलं होतं आणि त्याने ते कुणालाही कळू दिलं नव्हतं. शनिवारी रात्री, ते चार मेसेज जाण्याआधी, हे बोलणं झालं असतं तर बराच फरक पडला असता.